प्रायव्हसीला 'गोपनीयता' का म्हणू नये: एका संपादकाचं नव्या अनुवादकाला पत्र

अगं,

तुझ्या दोन्ही फायली वाचल्या. दवाखान्यात लावायचा रुग्णहक्कांचा बोर्ड आणि त्या ॲपची संमतीची सूचना. भाषा साफ आहे, वाक्यं अडखळत नाहीत, आणि 'करण्यात येईल' 'घेण्यात येईल' असलं सरकारी दळण तू दळलेलं नाहीस, त्याबद्दल आधीच शाबासकी देऊन टाकतो. पण दोन्ही फायलीत जिथं जिथं 'गोपनीयता' आलंय तिथं मी लाल केलंय आणि शेजारी कारण लिहिलेलं नाही, कारण ते समासात मावणारं नव्हतं.

असली कामं आता वाढत जाणार आहेत म्हणून जरा सविस्तर लिहितो. लोकांची डिजिटल माहिती कुणी कशी वापरायची याचा कायदा २०२३ साली झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि त्यातल्या बऱ्याचशा मुख्य तरतुदी लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत दिलीय. त्या कायद्यानुसार संमती मागताना मजकूर साध्या सोप्या भाषेत पाहिजे आणि तो इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायची सोय माणसाला पाहिजे. म्हणजे मराठीत पण. पतसंस्था, दवाखाने, क्लासवाले, दूधवाले, सगळे आता कागद घेऊन येणार आणि त्यातल्या प्रत्येक कागदात प्रायव्हसी असणार.

## आधी शब्द कशाचा बनलाय ते बघू

'गोपनीय' म्हणजे लपवून ठेवण्याजोगं. 'वाचनीय' म्हणजे वाचण्याजोगं, 'दर्शनीय' म्हणजे बघण्याजोगं, तसंच. त्याला 'ता' लावला की 'गोपनीयता', म्हणजे लपवून ठेवण्याजोगं असण्याचा गुण. आता हा गुण कुणाचा असतो ते बघ. कागदाचा असतो, माहितीचा असतो, अहवालाचा असतो. सरकारी नोकरांचा 'गोपनीय अहवाल' असतो, मंत्री 'पदाची आणि गोपनीयतेची' शपथ घेतात, मतदान केंद्रात कुणी मत देताना व्हिडिओ काढला की दुसऱ्या दिवशी पेपरात 'मतदानाच्या गोपनीयतेचा भंग' अशी बातमी येते. ह्या तिन्ही ठिकाणी शब्द एकदम बरोबर बसलाय, कारण तिन्ही ठिकाणी एक ठरावीक गोष्ट आहे जी दुसऱ्याला कळता कामा नये.

माणूस मात्र गोपनीय नसतो. 'माझी गोपनीयता' असं कुणी बोलताना ऐकलंयस कधी? महाद्वार रोडवर उभं राहून दहा जणांना विचार की गोपनीय म्हणजे काय, नऊ जण पोलीस, फाईल नाहीतर सीलबंद पाकीट म्हणतील.

प्रायव्हसीचं तसं नाही. ती माणसाची असते. आपल्या अंगावर, घरात, फोनमध्ये, आयुष्यातल्या निर्णयांत दुसऱ्यानं कुठवर यायचं हे आपण ठरवायचं, एवढा तिचा साधा अर्थ. आत काही लपवलेलं आहे की नाही याच्याशी तिचा संबंधच नाही. गोपनीयता म्हणजे तिजोरीचं कुलूप आणि प्रायव्हसी म्हणजे घराचा उंबरठा असं समज. तिजोरीत काहीच नसेल तर कुलूप कशाला असं कुणी विचारू शकतो, पण घर रिकामं आहे म्हणून कुणी न विचारता आत येत नाही.

## दवाखान्याचा बोर्ड, ओळीओळीनं

आता तुझ्याच कामावर येऊ. महाराष्ट्रात नर्सिंग होमच्या २०२१ च्या सुधारित नियमांपासून रुग्णहक्कांची सनद दर्शनी जागी लावायची असते, म्हणून हे काम आपल्याकडं आलंय. इंग्रजी मजकुरात कॉन्फिडेन्शिअ‍ॅलिटी आणि प्रायव्हसी असे दोन शब्द शेजारी शेजारी आलेत. पहिल्याचा अर्थ तुमची माहिती ज्याच्याकडं दिलीय त्यानं ती बाहेर न सांगणं. दुसऱ्याचा अर्थ मघाशी सांगितला. तू लिहिलंस, 'रुग्णाला माहितीची गोपनीयता आणि स्वतःची गोपनीयता यांचा हक्क आहे.'

तू अडचणीत आली होतीस हे त्या 'स्वतःची' वरूनच कळतंय. शब्द एकच असल्यामुळं दोन हक्कांना वेगळं करायला तुला टेकू लावावा लागला. आणि वाचणाऱ्याला काय वाटणार? काहीतरी तेच तेच दोनदा लिहिलंय.

पण दवाखान्यात ह्या दोन गोष्टी रोज वेगवेगळ्या मोडतात. समज एक बाई पोटात दुखतंय म्हणून आलीय. टेबलावर झोपवलंय, पडदा आहे पण ओढलेला नाही, दाराशी पुढचे दोन पेशंट उभे आहेत, एक वॉर्डबॉय औषधाचा बॉक्स घेऊन मधनंच ये-जा करतोय. डॉक्टर काही बोलले नाहीत, केसपेपर बंद आहे, आजार काय ते कुणालाच कळलेलं नाही. माहिती पूर्ण सुरक्षित आहे, म्हणजे गोपनीयतेला धक्का नाही. पण त्या बाईचं अंग तीन परक्या माणसांनी बघितलं.

आता उलटं घे. पडदा नीट ओढलाय, आत डॉक्टर आहेत, सोबत एक बाई आहे, तपासणी व्यवस्थित झाली. पण रिपोर्ट काउंटरवर उघडा पडून राहिला आणि तिच्याच गल्लीतल्या कुणीतरी वाचला. इथं तपासणीत काही चुकलं नाही, पण माहिती फुटली.

पहिल्या दवाखान्याला पडदा ओढायला सांगायचंय आणि दुसऱ्याला कपाटाला कुलूप लावायला. बोर्डावर दोन्हीकडं 'गोपनीयता' लिहिलंस तर दवाखान्याचा मॅनेजर काय करेल? रजिस्टर कपाटात ठेवेल, किल्ली खिशात घालेल आणि आपण दोन्ही हक्क पाळले असं मनापासून समजेल. खोटं बोलत नसेल तो. आपणच त्याला तसं सांगितलेलं असेल.

आणि हे वेगळेपण काही मी कीस पाडून काढलेलं नाही. मानसिक आरोग्याचा २०१७ चा कायदा बघ. त्याच्या कलम २० मध्ये प्रायव्हसीचा हक्क आहे आणि तो स्वच्छता, राहण्याची नीट सोय, अंग उघडं पडणार नाही असे कपडे ह्यांच्या रांगेत बसलाय. कॉन्फिडेन्शिअ‍ॅलिटीला वेगळं कलम दिलंय, २३ वं, आणि तिथं आजाराच्या, उपचाराच्या माहितीबद्दल लिहिलंय. एकाच कायद्यात दोन कलमं, दोन हक्क. दोन्हीला एकच मराठी शब्द वापरला तर त्यातला एक गायब झाला म्हणून समज, आणि गायब होतो तो नेमका अंगाचा.

तर त्या ओळीच्या जागी मी हे सुचवतो:

'तुमचा आजार, तपासण्या आणि उपचार यांची माहिती दवाखाना गोपनीय ठेवेल.'

'तपासणी करताना आणि कपडे बदलताना तुम्हाला आडोसा मिळेल. गरज नसलेलं माणूस तिथं थांबणार नाही. तपासणारे डॉक्टर पुरुष असतील तर स्त्री रुग्णासोबत दुसरी स्त्री हजर असेल.'

दुसऱ्या परिच्छेदातलं शेवटचं वाक्य मी पदरचं घातलेलं नाही, रुग्णहक्कांच्या सनदेत ते आहेच. आणि 'आडोसा' हा शब्द बघ. खेड्यातनं आलेल्या म्हातारीला तो समजावून सांगावा लागत नाही, आणि तो मिळाला नाही तर "आडोसा न्हाई व्हय हितं?" असं ती स्वतः विचारू शकते. 'माझ्या गोपनीयतेचा भंग होतोय' असं ती जन्मात म्हणणार नाही. हक्काचा शब्द असा पाहिजे की ज्याचा हक्क आहे त्याला तो तोंडानं मागता आला पाहिजे.

## पण सगळेच 'गोपनीयता' लिहितात की

हे तू म्हणणारच. पेपरात येतं, फोनच्या सेटिंगमध्ये येतं, वेबसाईटच्या तळाला 'गोपनीयता धोरण' असतं. मान्य. आणि जिथं पडद्यावरच्या बटणाचं नावच 'गोपनीयता' आहे तिथं सूचना लिहिताना तू ते तसंच लिही, नाहीतर माणूस भलतंच बटण शोधत बसेल. पण आपल्या हातातला मजकूर आपण लिहितोय तिथं 'सगळे लिहितात' हे कारण मला पटत नाही, कारण ह्या शब्दानं एक फार मोठा घोटाळा करून ठेवलाय.

तुला ते वाक्य माहिताय, 'मी काही चोरी केली नाही, मला काय लपवायचंय?' जगभर लोक प्रायव्हसीच्या विरोधात हेच बोलतात आणि इतर भाषांत त्याच्यावर निदान वाद तरी घालता येतो. मराठीत आपण शब्दच असा निवडलाय की वाद सुरू व्हायच्या आधीच तो माणूस जिंकलेला असतो. 'गोपनीयतेचा हक्क' म्हटलं की ऐकू येतं 'लपवण्याचा हक्क', आणि सरळमार्गी माणसाला लपवण्याचा हक्क कशाला पाहिजे? तो हक्क त्याला स्वतःचा वाटतच नाही. चोराचा, पुढाऱ्याचा, नाहीतर नट्यांचा वाटतो.

हे कोर्टातल्या एका जुन्या केसवर घासून बघ. उत्तर प्रदेशात खडकसिंग नावाचा माणूस होता. १९४१ साली दरोड्याच्या केसमध्ये त्याला पकडलं होतं, पुरावा नाही म्हणून सोडलं, पण पोलिसांनी त्याचं नाव नजर ठेवायच्या यादीत घातलं. मग रात्री-अपरात्री चौकीदार आणि शिपाई येणार, दार वाजवणार, हाका मारणार, झोपेतनं उठवणार. गाव सोडून जायचं तर कुठं चाललो ते सांगून जायचं. तो सुप्रीम कोर्टात गेला. १९६२ साली सहा न्यायाधीशांनी निकाल दिला. रात्री घरी जाऊन उठवणं घटनेत बसत नाही म्हणून ते रद्द केलं, पण त्याच्या येण्या-जाण्यावर नजर ठेवणं बहुमतानं चालू दिलं, आणि प्रायव्हसी हा आपल्या घटनेतला मूलभूत हक्कच नाही असं म्हटलं. न्या. सुब्बाराव आणि न्या. शहा या दोघांनी वेगळं मत दिलं.

आता वाक्य कर: 'रात्री दार वाजवून पोलिसांनी खडकसिंगची गोपनीयता भंग केली.' कसली गोपनीयता? माणूस झोपला होता. झोपणं काय गुपित आहे? अख्खं गाव झोपलं होतं. तो बाजारात गेला, पाव्हण्यांकडं गेला, तेही उघड्या रस्त्यानं, सगळ्यांच्या देखत. लपवलेलं काहीच नाही आणि तरी त्याच्यावर अन्याय झालाय हे तुला-मला कळतंय. म्हणजे जे मोडलं ते दुसरंच काहीतरी होतं.

त्याला नाव मिळायला २०१७ उजाडलं. आधारच्या वादात कर्नाटक हायकोर्टाचे निवृत्त न्यायाधीश पुट्टस्वामी कोर्टात गेले होते. सरकारनं म्हटलं की १९५४ आणि १९६२ चे जुने निकाल बघा, असा हक्कच नाही. तेवढ्यासाठी नऊ न्यायाधीशांचं घटनापीठ बसलं आणि २४ ऑगस्ट २०१७ ला त्यांनी एकमतानं सांगितलं की प्रायव्हसी हा जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे. त्या निकालातला मला सगळ्यात कामाचा वाटणारा मुद्दा असा, की माणूस सार्वजनिक जागी आला म्हणून त्याची प्रायव्हसी संपत नाही, कारण ती जागेला चिकटलेली नसून माणसाला चिकटलेली असते. रंकाळ्यावर संध्याकाळी फिरायला गेलीस तर हजार लोक बघतात, त्याचं काही नाही. पण एखाद्यानं रोज तू किती वाजता आलीस, कुणाबरोबर आलीस, कुठल्या गाड्यावर भेळ खाल्लीस हे वहीत लिहायला सुरुवात केली तर? त्या वहीत एकही गुपित नसेल. तरी ती वही तुला सहन होणार नाही.

दुसऱ्या दिवशी मथळे आले, 'गोपनीयता हा मूलभूत हक्क'. तेव्हापासून हा शब्द बसला तो बसला.

## लग्नाची नोटीस

अजून एक उदाहरण, कारण प्रायव्हसीत फक्त शरीर आणि माहिती येत नाही, निर्णय पण येतात, आणि इथं तर 'गोपनीयता' अगदी उलटा अर्थ देते.

विशेष विवाह कायदा १९५४ चा. जात-धर्म वेगळे असले तरी त्याखाली रजिस्टर लग्न करता येतं. पण आधी नोटीस द्यायची, ती विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात दर्शनी जागी लागणार आणि ३० दिवस कुणालाही हरकत घेता येणार. नाव, पत्ता, सगळं त्यात. ज्या मुलीच्या घरचे विरोधात आहेत तिच्यासाठी ते ३० दिवस म्हणजे काय असतात ते शाहू महाराजांच्या ह्या गावात राहून सुद्धा आपल्याला माहिताय. अलाहाबाद हायकोर्टानं जानेवारी २०२१ मध्ये प्रायव्हसीचाच आधार घेऊन म्हटलं की जोडप्याची इच्छा असेल तरच नोटीस जाहीर करावी.

ह्याला 'गोपनीयतेचा हक्क' म्हण आणि कुठल्याही टेबलापलीकडचा माणूस काय विचारेल ते बघ. "लग्न काय चोरून करायचंय व्हय?" झालं, जोडपं आरोपी. खरं तर ते चोरून काहीच करत नाहीयेत, सरकारी कागदावर सही करून लग्न करतायत, त्याहून उघड काय असतं? त्यांचं म्हणणं एवढंच की कुणाशी लग्न करायचं ह्यात तिऱ्हाइतानं पडू नये. तिथं मी सरळ लिहीन, 'कुणाशी लग्न करायचं हा त्यांचा खासगी निर्णय आहे, त्यात इतरांची ढवळाढवळ नको.' थोडं लांब होतं, चालतंय की.

## 'गुप्' धातूचा मूळ अर्थ तर राखणं आहे

संस्कृत घेतलेलं कुणीतरी तुला हे ऐकवणार. गोप म्हणजे गाई राखणारा, गोप्ता म्हणजे रक्षण करणारा, तेव्हा गोपनीयता म्हणजे जपण्याजोगं असणं, मग काय बिघडलं? बरोबर आहे, धातूचा अर्थ तसा आहे. पण बोर्ड वाचणारा माणूस धातू वाचत नाही. त्याच्या कानात गुप्त, गुपित, गुप्तहेर, गुप्तधन हे सगळे नातेवाईक बसलेत. हिंदीवाल्यांकडं निदान वेगळा शब्द आहे, ते प्रायव्हसीच्या हक्काला 'निजता' म्हणतात, जरी वेबसाईटच्या तळाला त्यांच्याकडंही 'गोपनीयता'च दिसते. आपल्याला निजता चालायची नाही, कारण आपल्याकडं निजणं म्हणजे झोपणं, 'निजतेचा हक्क' लिहिलंस तर लोक दुपारी एक ते चार समजतील.

## मग 'खासगीपणा' लिहिलं की झालं?

बरंचसं झालं, सगळं नाही. हक्काला एक नाव लागतंच, कायद्याबद्दल लिहिताना दर वेळी अर्धा परिच्छेद लिहीत बसता येत नाही, तिथं मी 'खासगीपणाचा हक्क' लिहितो. ह्या शब्दाला आपल्याकडं चांगलं खोड पण आहे. संस्थानांच्या काळात राज्याचा हिशेब वेगळा आणि राजघराण्याची 'खासगी' वेगळी असायची, इंदूरच्या होळकरांची खासगी तर प्रसिद्धच आहे. म्हणजे सरकारी कारभाराच्या बाहेरचं, स्वतःच्या अखत्यारीतलं. लपवलेलं नव्हे, स्वतःचं. प्रायव्हसीला हे गोपनीयतेपेक्षा कितीतरी जवळचं आहे.

अडचण अशी की आज 'खासगी' म्हटलं की खासगी दवाखाना, खासगी शाळा, खासगी सावकार. 'दवाखान्यात खासगीपणा जपला जाईल' असं लिहिलंस तर एखाद्याला वाटेल सरकारी दवाखान्याचं खासगीकरण झालं. 'एकांत' घेतलास तर तो एकट्यानं असण्याचा, नाहीतर दोघांनी असण्याचा. 'वैयक्तिक' हे विशेषण म्हणून ठीक आहे, वैयक्तिक माहिती म्हणायला काही हरकत नाही, पण त्याचं नाम केलंस की जीभ अडकते. थोडक्यात, एका इंग्रजी शब्दाला एक मराठी शब्द ही जोडी इथं जुळत नाही, आणि ती जुळवायच्या हट्टापायीच गोपनीयता गळ्यात पडलीय.

## आपल्याकडं प्रायव्हसी होतीच कुठं?

हा आक्षेप मला सगळ्यात जास्त चिडवतो. म्हणे वाड्यात, चाळीत, एका खोलीत दहा माणसं राहणारे आपण, ही सगळी परदेशी खुळं. अरे, मग घरात शिरताना म्हातारे खाकरून का यायचे? आत सुना-बाळा आहेत, त्यांना सावरायला वेळ मिळावा म्हणून. दार नव्हतं म्हणून खोकला होता.

आणि भाषा बघ. आपल्याकडं हक्काला नाव नाही, पण तो मोडणाऱ्याला किती नावं आहेत! भोचक, चोंबडा, आगाऊ. नाक खुपसणं, कान लावणं, डोकावणं, नसती चौकशी, नसती पंचाईत. ह्यातला भोचक माणूस तुझं गुपित फोडत नाही बघ, तो फक्त विचारतो. पगार किती, लग्न कधी, मूल का नाही. पगार तुझा सगळ्या ऑफिसला माहिती असेल, तरी त्यानं विचारणं हा भोचकपणाच. मराठी माणसाला प्रायव्हसी उत्तम कळते, फक्त तो ती क्रियापदात बोलतो, नामात नाही.

म्हणून अनुवाद करताना नाम शोधत बसू नकोस. कोण, कुणाच्या, कशात, न विचारता शिरतंय ते शोध आणि ते वाक्य लिही.

## ॲपची सूचना

तुझ्या दुसऱ्या फायलीत पहिलंच वाक्य आहे, 'आपली गोपनीयता आमच्यासाठी महत्त्वाची आहे.' त्याच्या खाली ॲप फोनमधली नावं-नंबर, ठिकाण आणि फोटो मागतंय. करवीर तालुक्यातला एखादा ऊसवाला शेतकरी हे वाचणार. त्याला वाटणार, माझ्या फोनात कसलं आलंय गोपनीय, पाव्हण्यांचे नंबर आणि ट्रॅक्टरवाल्याचा नंबर. दाब ओके. शब्दानं त्याला चुकीचा प्रश्न विचारला, त्यानं त्याचं प्रामाणिक उत्तर दिलं.

त्यातला एकही नंबर गुपित नाही. पण उद्या कर्जाचा हप्ता थकला तर त्याच पाव्हण्यांना फोन जाऊ शकतात, आणि असले प्रकार एवढे झाले की रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२२ मध्ये कर्ज देणाऱ्या ॲपांनी फोनमधली नावं-नंबर आणि कॉलची यादी घ्यायची नाही असं बजावलं.

२०२३ च्या कायद्यात तर कलम ६ मध्ये उदाहरणच दिलंय. डॉक्टरांचा सल्ला फोनवर मिळवून देणारं एक ॲप आहे, ते सल्ल्यासाठी लागणारी माहिती मागतं आणि त्याबरोबर फोनमधल्या नंबरांची यादी पण मागतं. माणूस दोन्हीला हो म्हणतो. कायदा म्हणतो, यादी ह्या कामाला लागतच नाही, तेव्हा त्याची संमती फक्त सल्ल्याच्या माहितीपुरतीच धरायची. नंबर गुपित आहेत का हे तिथं कुणी विचारतच नाही. कामाला लागतात का, एवढाच प्रश्न.

मग आपली सूचना पण तोच प्रश्न वाचणाऱ्यापुढं ठेवू दे. पहिलं वाक्य: 'तुमची कुठली माहिती घ्यायची हे तुम्ही ठरवायचं आहे.' मग एकेक ओळ: 'तुमच्या फोनमधली नावं आणि नंबर आम्हाला पाहिजेत. कशासाठी:' आणि पुढं कंपनीनं जे कारण दिलंय ते जसंच्या तसं. कारण दिलेलं नसेल तर तिथं आपल्या मनानं काही भरू नकोस, त्यांना परत विचार, कारण कारण सांगणं कायद्यानं त्यांच्यावर आहे, आपल्यावर नाही. बऱ्याचदा विचारल्यावर ते मागणीच काढून टाकतात.

## 'गोपनीयता' ठेवायची कुठं

पूर्ण हद्दपार करू नकोस, मी सांगतोय म्हणून दुसऱ्या टोकाला जाशील. कुठंही शंका आली की त्या जागी 'गुपित' घालून वाक्य वाच. 'तुमचं मत गुपित राहील', छान. 'तुमचा रिपोर्ट गुपित राहील', जरा ओबडधोबड पण अर्थ तोच, म्हणजे इथं गोपनीय चालतंय. 'तपासणी गुपित राहील', अरे बाप रे. दाराआड चोरून तपासणी करणार असं वाटतं, आणि कुठल्याही बाईनं त्या दवाखान्यातनं पळून जावं. वाक्य असं वेडंवाकडं झालं की समज, तिथं गोपनीयता चालणार नाही.

आणि एक, हा शब्द अधिकाऱ्यांना फार आवडतो. माहिती अधिकारात रस्त्याच्या बिलाची प्रत मागितली तरी 'गोपनीय आहे' म्हणून सांगणारे महाभाग आहेत. २०२३ च्याच कायद्यानं माहिती अधिकाराचं कलम ८ (१) (जे) बदललंय, आधी वैयक्तिक माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नसेल किंवा माणसाच्या खासगीपणावर विनाकारण आक्रमण होत असेल, आणि व्यापक लोकहित नसेल, तर ती नाकारायची असं होतं, आता नुसती वैयक्तिक माहिती असली तरी पुरे. त्यावर पत्रकार आणि कार्यकर्ते ओरडतायत, आणि लोकहितासाठी माहिती देता येते हे दुसऱ्या पोटकलमात अजून आहे असं सरकार म्हणतंय. तो वाद मोठा आहे, इथं उघडत नाही, पण त्याच्यावर लिहायची वेळ आली तर नागरिकाचा खासगीपणा आणि कार्यालयाची गोपनीयता एका शब्दात घालू नकोस. एक दुबळ्याचं रक्षण करते, दुसरी बऱ्याचदा बलवानाचं.

बोर्ड आधी संपव, दवाखान्यातनं दोनदा फोन आलाय. तिसऱ्या ओळीत 'गोपनीय' तसंच ठेव, चौथीत आडोसा घाल, आणि छपाईला द्यायच्या आधी खालच्या चहावाल्या मावशींना वाचून दाखव आणि विचार, पडदा ओढला नाही तर तुम्ही काय म्हणाल. ॲपवाल्यांना फोटो कशाला पाहिजेत ते मात्र आजच मेल करून विचार.